पाळण्यातलं नाव

कुसुमाग्रज म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. जन्मतारीखही तोंडपाठ असते, २७ फेब्रुवारी १९१२, कारण त्याच दिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. पण यातलं काहीच माहीत नसलेला एखादा अभ्यासक उद्या १९१२ सालच्या जन्मनोंदी पुढ्यात घेऊन बसला आणि विष्णू वामन शिरवाडकर शोधू लागला, तर सगळी पानं उलटूनही त्याला ते भेटणार नाहीत. त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचं नाव गजानन होतं आणि त्याच्या वडिलांचं रंगनाथ. पुढे काका वामन शिरवाडकर यांनी त्याला दत्तक घेतलं, तेव्हा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं बदलली. आडनाव काकांचंच असल्यामुळे तेवढं तसंच राहिलं.

टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचा शोध घेताना नेमकं इथेच गाडं अडतं. टोपणनावामागे एक खरं नाव असतं, ते सापडलं की जन्मनोंद हाती आलीच, असं आपण धरून चालतो. पण ‘खरं नाव’ ही एक गोष्ट नसते. जन्माच्या वेळी नोंदवलेलं नाव वेगळं असू शकतं, कायद्याने पुढे झालेलं नाव वेगळं आणि माणूस रोज ज्या नावाने सही करतो तेही वेगळं. इंग्रजी रहस्यकथांमधले ‘एलरी क्वीन’ हे याचं उत्तम उदाहरण. हे नाव दोन मावसभावांचं, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली यांचं, हे कोणत्याही ग्रंथसूचीत मिळतं. शोधणारा तिथेच समाधान मानतो. वास्तविक डॅने जन्मले डॅनियल नेथन म्हणून आणि ली यांचं मूळ आडनाव लेपॉफ्स्की. दोघांचा जन्म १९०५चा, पण त्या सालच्या नोंदींत ‘डॅने’ किंवा ‘ली’ शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही. वाईट म्हणजे एखादा भलताच ली मिळेल.

म्हणून सुरुवातीलाच कागदावर तीन रकाने आखावेत. जन्मनाव, कायद्याचं नाव, वापरातलं नाव. प्रत्येक पुरावा हाती आला की तो या तिन्हींपैकी कोणत्या नावाबद्दल बोलतो आहे, ते लिहायचं. स्त्री लेखिकांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि कधी दुसऱ्या लग्नानंतरचं तिसरं, अशी साखळी असते आणि जन्मनोंद फक्त पहिल्या नावावर लागते.

या कामात दोन सांधे असतात. पहिला सांधा टोपणनावापासून माणसापर्यंत, दुसरा माणसापासून जन्मनोंदीपर्यंत. लोक सगळी ताकद पहिल्या सांध्यावर लावतात, कारण त्यात रहस्य उलगडल्याचा आनंद असतो. चुका मात्र बहुतेक दुसऱ्या सांध्यावर होतात आणि त्या छापील स्वरूपात पन्नास-पन्नास वर्षं टिकतात.

पहिल्या सांध्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो: या नावामागे माणूस आहे तरी का, आणि असेल तर एकच आहे का? काही टोपणनावं ही प्रकाशनसंस्थेची मालमत्ता असतात. ‘कॅरोलिन कीन’ हे नॅन्सी ड्रू मालिकेचं नाव असंच. मालिका १९३०ला सुरू झाली. सुरुवातीची बरीचशी पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली, पुढे त्याच नावाखाली इतरांनी लिहिलं. बेन्सन यांनी आपलं नाव उघड न करण्याचं लिहून दिलं होतं आणि १९८०च्या एका कोर्टकज्जात त्यांचा वाटा जाहीरपणे पुढे आला. तेव्हा ‘कॅरोलिन कीनचा जन्म कधीचा’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे एकेका पुस्तकाचा लेखक वेगळा शोधावा लागतो. एकाच नावाखाली वर्षाला पाच-सहा पुस्तकं येत असतील, ती तीन-चार दशकं येत राहिली असतील आणि भाषेची ढब मधूनच बदलत असेल, तर ‘एक माणूस’ हे गृहीतक बाजूला ठेवलेलं बरं.

माणूस एकच आहे अशी खात्री वाटली की पहिल्यांदा कॉपीराइटच्या नोंदी बघाव्यात. विसाव्या शतकातल्या अमेरिकन प्रकाशनांसाठी हे साधन फार मोलाचं आहे आणि त्याचे छापील खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. १९०९च्या कायद्याप्रमाणे तिथे कॉपीराइट आधी २८ वर्षांसाठी मिळत असे आणि त्या मुदतीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करून त्याचं नूतनीकरण करावं लागे. १९६३ सालापर्यंत प्रकाशित झालेल्या पुस्तकांना हा नियम लागू होता. पहिल्या नोंदणीच्या वेळी लेखक टोपणनावाआड राहू शकतो. कधी त्याच्यापुढे `pseud.` असा शेरा असतो आणि खरं नाव दिलेलं असतं, कधी नसतं. नूतनीकरणाचा हक्क मात्र प्रकाशकाचा नसून लेखकाचा, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांचा. त्यामुळे २८ वर्षांपूर्वी मुखपृष्ठावर लपलेला माणूस इथे हक्क सांगायला स्वतःच्या नावाने पुढे येतो.

या नोंदीत दावेदाराच्या नावापुढे कंसात एक अक्षर असतं. सगळी माहिती त्या अक्षरात आहे, आणि नेमकं तेच घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. `A` म्हणजे लेखक स्वतः, `W` म्हणजे विधवा पत्नी, `C` म्हणजे अपत्य, `E` म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, `NK` म्हणजे जवळचा नातलग. समजा पुस्तक जून १९३०मध्ये निघालं. तर नूतनीकरण जून १९५७ ते जून १९५८ या काळात झालेलं असणार, म्हणजे खंड दोन्ही वर्षांचे बघायला हवेत. एकाच वर्षाचा खंड बघून ‘नूतनीकरण झालेलंच नाही’ म्हणणं ही नेहमीची चूक. तिथे `A` दिसला तर लेखक १९५७-५८पर्यंत हयात होता. `W` दिसला तर तो त्याआधी वारला होता, पत्नीचं नाव आपल्या हाती आलं आणि मृत्यूच्या तारखेला एक कड मिळाली. `C`पुढे वेगळं आडनाव असेल तर ती विवाहित मुलगी असण्याची शक्यता धरायची. आणि `PWH` दिसलं, म्हणजे पैसे देऊन लिहून घेतलेल्या कामाचा मालक, तर दावेदार ही कंपनी असते. ती आपल्याला नाव सांगत नाही, पण हे नाव बहुधा संस्थेचं आहे एवढं सांगून जाते. तेही कळणं कामाचंच.

या साधनाची मर्यादा साधी आहे. नूतनीकरण सगळ्यांनी केलं नाही. पुस्तक विकलं गेलं नसेल तर अर्ज कोण करणार? त्यामुळे नोंद नसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

दुसरं हक्काचं ठिकाण म्हणजे मोठ्या ग्रंथालयांच्या नाव-नोंदी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी `id.loc.gov` इथे बघता येतात. बहुतेक लोक तिथे जातात, वरची जन्म-मृत्यूची वर्षं उतरवून घेतात आणि निघतात. खरी किंमत खालच्या भागात आहे. मार्क पद्धतीच्या नोंदीत `670` या क्रमांकाच्या ओळींत सूचिकाराने ही माहिती कुठून घेतली ते लिहिलेलं असतं: पुस्तकाच्या मलपृष्ठावरून, एखाद्या चरित्रकोशातून, फोनवर विचारून की खुद्द लेखकाच्या पत्रातून. `400`च्या ओळींत त्याच माणसाची इतर रूपं असतात, `500`मध्ये त्याच्या इतर नावांच्या स्वतंत्र नोंदींकडे बोट दाखवलेलं असतं. मलपृष्ठावरून घेतलेलं जन्मवर्ष आणि जन्मदाखल्यावरून घेतलेलं जन्मवर्ष यांचं वजन सारखं नसतं, पण नोंदीच्या डोक्यावर दोन्ही अगदी सारखीच दिसतात. हीच वर्षं पुढे इतर ग्रंथालयं, विश्वकोश आणि संकेतस्थळं उचलतात. मग दहा ठिकाणी एकच साल दिसलं की वाटतं, दहा साक्षीदार आहेत. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो आणि बाकी नऊ जण त्याचंच ऐकून सांगत असतात. म्हणून दोन स्रोत जुळले म्हणण्याआधी त्यांचा उगम वेगळा आहे ना, ते पडताळणं भाग आहे.

आता दुसरा सांधा.

नाव मिळालं, अंदाजे वर्ष मिळालं. तुम्ही जन्मसूची उघडता आणि त्या नावाचं बाळ त्या वर्षी सापडतं. हा क्षण सगळ्यांत धोक्याचा. नाव आणि साल जुळणं म्हणजे ओळख पटणं नव्हे. प्रचलित नावाची सात-आठ बाळं एकाच वर्षी असू शकतात. विरळ नाव असलं तरी आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत बऱ्याच समाजांत असल्यामुळे चुलतभाऊ एकाच नावाचे निघतात. इंग्लंड आणि वेल्सची जन्मसूची १ जुलै १८३७पासून आहे, पण मूळ सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. त्याआधीच्या सूचीत नाव, नोंदणीचा जिल्हा, खंड आणि पान एवढंच. आईबापांची नावं बघायची तर मूळ दाखल्याची नक्कलच मागवावी लागते, आणि ती मागवायचा कंटाळा केला की चूक पक्की होते.

ओळख पटवण्याचा खात्रीचा मार्ग दुहेरी आहे. एक तर लेखकाकडून आलेल्या माहितीत असे तपशील शोधायचे, जे भलत्या माणसाच्या बाबतीत जुळणं कठीण आहे: आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, जन्मगावातला नेमका भाग. ते मूळ दाखल्याशी ताडून बघायचे. दुसरं म्हणजे सापडलेल्या बाळाला पुढे चालवत न्यायचं. हे बाळ तिसऱ्या वर्षी दगावलं का, हे मृत्यूसूचीत बघायचं. जगलं असेल तर जनगणनेत ते कुठे आहे, कोणता धंदा करतं आहे, लग्न झालं आहे का, हे बघायचं. ज्या वर्षी आपला लेखक दूर कुठेतरी मासिक चालवत होता, त्याच वर्षी हे ‘बाळ’ आपल्या गावात सुतारकाम करत असेल, तर तो माणूस वेगळा. उमेदवार बाद करणारा पुरावा शोधणं कंटाळवाणं असतं, पण माझ्या मते जुळणाऱ्या दहा गोष्टींपेक्षा एका न जुळणाऱ्या गोष्टीला जास्त मान द्यावा.

नोंद सापडतच नसेल तर आधी आपलं गाव तपासावं. जॉर्ज ऑर्वेल म्हणजे एरिक आर्थर ब्लेअर, जन्म २५ जून १९०३, इंग्रजी साहित्यातला अस्सल इंग्रज लेखक. पण त्याचा जन्म बिहारातल्या मोतिहारीचा, त्यामुळे इंग्लंडच्या सूचीत तो नाही. ‘साकी’ या नावाने लिहिणारे हेक्टर ह्यू मन्रो ब्रह्मदेशातल्या अक्याबचे. वडिलांची नोकरी कुठे होती हे आधी शोधलं तर असे लेखक लवकर सापडतात. ऑर्वेलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मन थांबवणारी आहे. त्याच्या थडग्यावरच्या दगडावर एरिक आर्थर ब्लेअर एवढंच नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. जग ज्या नावाने त्याला ओळखतं त्याचा तिथे मागमूस नाही. स्मशानांच्या याद्या टोपणनावाने चाळणाऱ्यांच्या हाती काही का लागत नाही, ते यावरून कळावं.

तारखांचा गुंता वेगळा. इंग्लंडची सूची १९८३पर्यंत तिमाहीची होती आणि ती तिमाही नोंदणीची, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे नाताळाच्या सुमारास जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत दिसू शकतं. चरित्रकोशात एक साल आणि सूचीत पुढचं साल दिसलं की एखाद्याला लगेच वाटतं, लेखकाने वय चोरलं. बिचाऱ्याने काहीच चोरलेलं नसतं. जिथे जन्मनोंद हाती येत नाही तिथे मृत्यूकडून मागे येता येतं. १९६९च्या जून तिमाहीपासून तिथल्या मृत्यूसूचीत मृताची जन्मतारीख दिलेली आहे, त्याआधी १८६६पासून फक्त वय आहे. पण ही तारीख किंवा वय सांगणारा माणूस मृत नव्हे, त्याचा नातलग किंवा शेजारी असतो. त्यामुळे ती दिशा दाखवते, निकाल देत नाही.

पंचांगं बदलली की आणखी सावध राहावं लागतं. मॅक्सिम गॉर्की, म्हणजे अलेक्सेई पेश्कोव्ह, यांची जन्मतारीख कुठे १६ मार्च १८६८ दिसते, कुठे २८ मार्च. दोन्ही बरोबर आहेत. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग होतं आणि एकोणिसाव्या शतकात ते ग्रेगोरियनच्या १२ दिवस मागे होतं. विसाव्या शतकात हे अंतर १३ दिवसांचं झालं. १८९०च्या जन्मतारखेत १३ दिवस मिळवणारा माणूस एका दिवसाने चुकतो, आणि ही चूक छापील चरित्रांत बऱ्याचदा आढळते. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत शके आणि तिथी असते. तिथे शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरं. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्या बहुधा पुढच्या सालात पडतात, तिथे ७९ मिळवावे लागतात. शके १७८८च्या माघात जन्मलेला माणूस १८६६चा नसून १८६७चा. शिवाय वद्य पक्षातली तिथी असेल तर महिना अमावस्येला संपणारा अमान्त आहे की पौर्णिमेला संपणारा पूर्णिमान्त, हे आधी ठरवायला हवं, नाहीतर अख्ख्या महिन्याचा फरक पडतो. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, इथे पहिला सांधा अगदी मजबूत आहे. तरीही त्यांच्या जन्माच्या १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा छापलेल्या आढळतात. नावाबद्दल शंका नसणं आणि तारखेबद्दल शंका नसणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं एकत्र कसं चालतं, ते बी. ट्रावेन यांच्या शोधातून फार चांगलं दिसतं. १९२६पासून जर्मनीत या नावाने कादंबऱ्या निघू लागल्या. हस्तलिखितं मेक्सिकोहून येत. लेखकाला कोणी पाहिलेलं नव्हतं आणि लेखकाचं चरित्र म्हणजे त्याची पुस्तकं, अशी त्याची ठाम भूमिका होती. मेक्सिकोत ट्रावेन टॉर्सवान नावाचा एक माणूस होता, पुढे हॅल क्रोव्ह्स नावाचा एक माणूस ट्रावेनचा प्रतिनिधी म्हणून वावरू लागला. हे दोघे एकच आणि तेच ट्रावेन, हे हळूहळू उलगडलं. टॉर्सवानच्या कागदांवर जन्म शिकागोचा, १८९०चा, असं होतं. कागद सरकारी होते. पण सरकारी कागदावरची माहिती माणसाने स्वतः तोंडी सांगितलेली असेल, तर ती शिक्का मारलेली ऐकीव माहितीच असते.

पहिल्या सांध्यातली पुढची कडी लाइपझिगचे अभ्यासक रोल्फ रेक्नागेल यांनी जोडली. ट्रावेनच्या कादंबऱ्यांतली भाषा आणि विचार त्यांनी रेट मारुट नावाच्या एका नटाच्या लेखनाशी ताडून बघितले. हा मारुट म्युनिकमध्ये १९१७पासून ‘डेर त्सीगेलब्रेनर’ म्हणजे ‘वीटभट्टीवाला’ नावाचं बंडखोर नियतकालिक काढत होता आणि १९१९च्या बव्हेरियातल्या उठावानंतर परागंदा झाला होता. मजकुराची तुलना हा पुरावा म्हणून कच्चा असतो, कारण ती फक्त तुम्ही समोर ठेवलेल्या उमेदवारांपैकी सर्वांत जवळचा कोण ते सांगते. खरा लेखक त्या उमेदवारांत नसेल तर ती निमूटपणे चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते. इथे छायाचित्रं आणि मारुटचं अचानक नाहीसं होणं यांचीही साथ मिळाली, म्हणून ती टिकली.

पण मारुट हेही घेतलेलंच नाव. पोलिसांकडे त्याने आपला जन्म २५ फेब्रुवारी १८८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाल्याचं नोंदवलं होतं. ही निवड हुशारीची होती, कारण १९०६च्या भूकंपात आणि आगीत त्या शहरातल्या नोंदी जळून गेल्या होत्या. खरंखोटं करायला कागदच उरला नव्हता. जळालेल्या दप्तराच्या गावी जन्म सांगणारा माणूस दिसला की शोधकाने कान टवकारावेत.

१९७०च्या दशकात बीबीसीचे विल वायट आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडचे जुने कागद मिळवले. त्यातून कळलं की १९२३च्या नोव्हेंबरात मारुटला लंडनमध्ये परदेशी म्हणून नोंदणी न केल्याबद्दल अटक झाली होती. चौकशीत त्याने आपलं नाव हेर्मान ओटो आल्बर्ट माक्सिमिलियान फायगे असल्याचं आणि जन्म २३ फेब्रुवारी १८८२ रोजी श्विबुस इथे झाल्याचं सांगितलं. श्विबुस तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमधलं श्वेबोजिन आहे. गावाचं नाव आणि देश दोन्ही बदललेले, त्यामुळे दप्तरही पोलंडमध्ये. तिथे नोंद सापडली, कुंभाराच्या घरातलं बाळ, आईचं माहेरचं आडनाव वीनेके.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. मारुटने सॅन फ्रान्सिस्कोची जी खोटी तारीख दिली ती खऱ्या तारखेपासून फक्त दोन दिवस दूर होती. खोटं सांगणारी माणसंही आपल्या जन्मदिवसापासून फार लांब जात नाहीत. विचारलं की पटकन आठवायला हवं ना! दुसरं म्हणजे लंडनच्या चौकशीत त्याच्या नावावर जी इतर नावं लागली त्यांत ‘वीनेके’ होतं. रस्त्यात भेटलेल्या कुणा फायगेचं नाव एखाद्याने उसनं घेतलं असतं, तर त्या फायगेच्या आईचं माहेरचं आडनाव त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नाव आणि तारीख जुळण्यापेक्षा या एका आडनावाचं वजन जास्त आहे. मग फायगेचे हयात असलेले भाऊ-बहीण शोधण्यात आले आणि त्यांनी मारुटच्या व ट्रावेनच्या छायाचित्रांत आपला भाऊ ओळखला. बीबीसीचा माहितीपट १९७८मध्ये आला.

तरी शंका घेणारे होते आणि त्यांची शंका रास्त होती. कुंभाराचा मुलगा, शिक्षण बेताचं, तो हे सगळं कसा लिहील? मारुटने खऱ्या ओटो फायगेचं नाव आणि घरची माहिती त्याच्याकडूनच ऐकून उचलली नसेल कशावरून? भाऊ-बहिणीची ओळख म्हणाल तर ती कित्येक दशकांनंतरची, छायाचित्रावरून. या शंकेवर उपाय एकच होता, बाळाला पुढे चालवत नेणं. ते काम यान-क्रिस्टोफ हाउशिल्ड यांनी केलं आणि २०१२मध्ये प्रसिद्ध केलं. ओटो फायगे १९०६-०७च्या सुमारास गेल्सेनकिर्शेनमध्ये धातुकामगारांच्या संघटनेचा पदाधिकारी होता. १९०७मध्ये त्याचा माग संपतो आणि जवळच्याच एसेनमध्ये त्याच साली रेट मारुट नावाचा नट पहिल्यांदा उगवतो. मारुटचा त्याआधीचा काहीच माग नाही, फायगेचा त्यानंतरचा नाही. दोघे एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याची एक जरी नोंद मिळाली असती तर सगळी इमारत कोसळली असती. ती मिळाली नाही. शिवाय संघटनेचा पदाधिकारी म्हणजे भाषण करणारा, लिहिणारा माणूस, त्यामुळे ‘हा लिहील कसा’ या प्रश्नाचा जोरही ओसरला.

असा शोध लागल्यावर तो लिहून कसा ठेवायचा, यावर पुढच्या माणसाचं काम अवलंबून असतं. सूचीत नुसतं ‘ट्रावेन, बी. (१८८२–१९६९)’ एवढंच लिहिलं तर मृत्यूचं साल आणि जन्माचं साल सारख्याच खात्रीचं वाटतं. मृत्यू २६ मार्च १९६९चा, मेक्सिको सिटीतला, त्याबद्दल वाद नाही. जन्मवर्ष मात्र चार कड्यांच्या साखळीवर टांगलेलं आहे. म्हणून प्रत्येक कडीपुढे तिचा पुरावा आणि तो मूळ कागद स्वतः पाहिला की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला, हे लिहावं. तसंच कुठे शोधलं आणि काही मिळालं नाही, तेही वर्षं आणि नावाच्या कोणत्या रूपाने शोधलं यासकट नोंदवावं. ‘जन्मनोंद सापडली नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘अमुक जिल्हा, १८८० ते १८८४, वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव, दोन्हीने बघितलं, नाही’ हे वाक्य कुणाचे तरी चार दिवस वाचवतं.

लेखक हयात असेल तर मी यातला दुसरा सांधा जाहीर करण्याच्या विरुद्ध आहे. नाव लपवण्यामागे नोकरी असेल, घर असेल, जिवाची भीती असेल, आणि पूर्ण जन्मतारीख तर आजकाल बँकेच्या खात्याची किल्लीच असते. ग्रंथसूचीला त्यातलं काही लागत नाही, टोपणनावावर नोंद व्यवस्थित चालते. कॉपीराइटची मुदत जिथे लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात तिथे माणसाची ओळख लागतेच, पण तीही मृत्यूनंतर.

वारलेल्यांच्या बाबतीत कागद पूर्ण भरायला हरकत नाही. कुसुमाग्रजांसाठी ते तीन रकाने भरले तर पहिल्यात गजानन रंगनाथ शिरवाडकर येतं, दुसऱ्यात विष्णू वामन शिरवाडकर, आणि तिसऱ्यात दोन नावं लिहावी लागतात, कारण त्यांच्या नाटकांवर वि. वा. शिरवाडकर छापलेलं असतं आणि कवितांवर कुसुमाग्रज. जन्मतारखेसमोर २७ फेब्रुवारी १९१२ लिहायचं आणि त्याच ओळीत पुढे, जन्मनोंद बघायची ती पहिल्या रकान्यातल्या नावाने.